आरजीपी आणि स्क्लेरल: मटेरियल एकच, टेकण्याची जागा वेगळी

केराटोकोनस, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, असलेल्यांना कधी ना कधी प्रश्न पडतो, ‘आरजीपी लावायची की स्क्लेरल?’ खरं तर दोन्ही कॉन्टॅक्ट लेन्स एकाच प्रकारच्या मटेरियलच्या: कडक, पण ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या. फरक आहे तो लेन्स डोळ्यावर कुठे टेकते याचा, आणि बसवण्यापासून धुण्यापर्यंत बाकी सगळं त्यावरून ठरतं.

नेहमीची आरजीपी साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाची. ती कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. पापणी लवली की ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकते आणि तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात. स्क्लेरल साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. ती कॉर्नियाला शिवतच नाही. त्यावरून कमान टाकून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधली पोकळी सलाईनने भरलेली असते आणि लेन्स जवळजवळ हलत नाही. म्हणूनच तीव्र कोरड्या डोळ्यांसाठी स्क्लेरल उपयोगी: कॉर्निया दिवसभर ओला राहतो. आरजीपी मात्र अशा कोरड्या पृष्ठभागावर घासते.

बसवताना दोन्हीकडे फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग वापरतात, पण बघायचं असतं वेगळं. आरजीपीत शंकूच्या टोकावर हलका स्पर्श चालतो. तिथे हिरव्याऐवजी गडद काळं दिसलं तर लेन्स टोकाला दाबते आहे. हे महिनोन्‌महिने चाललं तर व्रण पडण्याची भीती. स्क्लेरलमध्ये हिरव्या थराची जाडी मोजतात. समजा, लेन्स मधोमध ३०० मायक्रॉन जाड आहे आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तिच्यामागचा हिरवा थर तितकाच जाड दिसतो. म्हणजे मोकळी जागा अंदाजे ३०० मायक्रॉन. पण लेन्स पांढऱ्या भागावरच्या मऊ त्वचेत हळूहळू रुतते, आणि काही तासांत यातले शंभरेक मायक्रॉन कमी होऊ शकतात. म्हणून लावल्या लावल्या ‘छान बसली’ म्हणून घरी पाठवणं मला घाईचं वाटतं. तीन-चार तासांनी पुन्हा बघायलाच हवं. त्याच वेळी कडेखालच्या रक्तवाहिन्या दबून पांढऱ्या पडल्यात का, हेही दिसतं.

आता खरी गफलत. समजा, एक जण बरीच वर्षं आरजीपी वापरून स्क्लेरलवर आला. त्याच्याकडे आरजीपीचं घट्टसर कंडिशनिंग सोल्यूशन आहे. आरजीपीवर त्याचा थेंब टाकून लेन्स लावायची सवय, म्हणून तो स्क्लेरलची वाटीही त्यानेच भरतो. आरजीपीखालून ते लवकर धुऊन जायचं. इथे त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह दिवसभर कॉर्नियाला चिकटून राहतं. संध्याकाळी डोळा लाल, जळजळ, आणि दोष लेन्सच्या नंबरावर! वाटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईननेच काठोकाठ भरायची. मान इतकी खाली घालायची की चेहरा जमिनीला समांतर होईल, नाहीतर पाणी सांडून आत बुडबुडा अडकतो. बुडबुडा दिसला तर लेन्स काढून पुन्हा भरायची. तो आपोआप जात नाही.

काढतानाही जुनी सवय नडते. आरजीपी छोट्या प्लंजरने, म्हणजे लेन्सला चिकटणाऱ्या रबरी चोषकाने, मधून ओढली तरी निघते. स्क्लेरल मधून ओढली तर आतली ओढ वाढते आणि डोळाच खेचला जातो. प्लंजर खालच्या कडेजवळ लावून आधी कड उचलायची. हवा आत शिरली की लेन्स सुटते.

दुपारी धूसर दिसू लागलं, तर ते कशामुळे हे बऱ्याच अंशी घरीही ओळखता येतं. लेन्स डोळ्यात असतानाच तिचा बाहेरचा पृष्ठभाग सलाईनने भिजवलेल्या प्लंजरने हलकेच पुसा. साफ दिसलं तर थर बाहेरचा होता. नाहीच, तर काढून धुवा, नवीन सलाईन भरून लावा. आता साफ दिसत असेल तर आतल्या पाण्यात गढूळपणा साचला होता. हा प्रकार बऱ्याच जणांना होतो, पण रोजचा असेल तर फिटिंग बदलून घ्यावं. लेन्स काढूनही धूसरच आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी कडं दिसत असेल, तर कॉर्नियाला सूज असण्याची शक्यता आहे. मग लेन्स बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. दुखणं, वाढती लाली किंवा उजेड सहन न होणं असेल तर दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी.

रात्रीच्या सफाईत फारसा फरक नाही. नळाचं पाणी दोन्हींना वर्ज्य, कारण त्यातल्या अकांथअमीबा या सूक्ष्मजीवामुळे कॉर्नियाला घातक संसर्ग होऊ शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत असाल तर त्याच्यासोबत येणाऱ्या डबीत, निदान सहा तास. त्याआधी ते डोळ्यात गेलं तर भाजतं. मोठी स्क्लेरल आरजीपीच्या डबीत मावत नाही, कोंबली तर कड तुटते. तिच्या मापाची डबी वेगळी मागून घ्या.

आणि हो, दोन्हींपैकी कुठलीही लेन्स केराटोकोनसचं वाढणं थांबवत नाही. ते काम कॉर्निया कडक करणाऱ्या क्रॉस-लिंकिंग या उपचाराचं. सौम्य केराटोकोनसमध्ये, डोळे कोरडे नसतील आणि आरजीपी न टोचता, न निसटता बसत असेल, तर केवळ नवीन म्हणून स्क्लेरलकडे वळायची गरज मला तरी दिसत नाही.