ब्रॉयलरचा किलोमागे खर्च: एफसीआर आणि मरतूक एकत्र कशी वाचावी
(आमच्याकडून खाद्य आणि पिल्ले घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)

बॅच निघाली की पहिला प्रश्न येतो, "किलोला किती पडलं?" त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकूण खर्चाला एकूण वजनाने भागून काढले जाते. आकडा बरोबर येतो, पण पैसा कुठे गेला ते त्यातून कळत नाही. म्हणून हिशेब दोन भागांत करावा.

पहिला भाग खाद्याचा. एक किलो जिवंत वजन विकण्यासाठी जितके किलो खाद्य लागले, तो एफसीआर. त्याला खाद्याच्या किलोच्या भावाने गुणायचे.

दुसरा भाग पिल्लाचा. पिल्लाची किंमत, औषध-लस, तूस, ब्रूडिंगचा कोळसा किंवा गॅस, वीज आणि मजुरी, हे सगळे एका टाकलेल्या पिल्लामागे किती होते ते काढायचे. मग त्याला जगलेल्या पक्ष्यांचे प्रमाण आणि सरासरी वजन यांच्या गुणाकाराने भागायचे.

दोन्हींची बेरीज म्हणजे किलोमागचा चालू खर्च. शेडचा घसारा आणि कर्जाचे व्याज यात धरलेले नाही, ते वेगळे मांडा.

उदाहरण घेऊ. भाव समजण्यापुरते धरले आहेत, त्या जागी तुमचे घाला. 5,000 पिल्ले टाकली. पिल्लू 40 रुपये आणि इतर खर्च पिल्लामागे 12 रुपये, म्हणजे 52. खाद्याचा सरासरी भाव किलोला 40 रुपये. चाळिसाव्या दिवशी 4,750 पक्षी विकले, म्हणजे मरतूक 5 टक्के. सरासरी वजन 2.2 किलो, एकूण 10,450 किलो. खाद्य लागले 16,720 किलो, म्हणून एफसीआर 1.60.

खाद्याचा भाग: 1.60 × 40 = 64 रुपये.
पिल्लाचा भाग: 52 ÷ (0.95 × 2.2) = 24.88 रुपये.
किलोमागे खर्च: 88.88 रुपये.

एफसीआर 0.1 ने वाढला तर किलोमागे थेट 4 रुपये जातात, म्हणजे या बॅचवर 41,800 रुपये.

मरतुकीचा परिणाम मात्र टक्क्यावरून सांगता येत नाही, पक्षी कधी मेला त्यावर तो ठरतो. वरच्याच बॅचमध्ये आणखी 100 पक्षी मेले असे धरा. ते पाचव्या दिवशी मेले, तर प्रत्येकाने जेमतेम 100 ग्रॅम खाद्य खाल्लेले असते. किलोमागे खर्च 89.45 होतो, म्हणजे 57 पैशांचा फरक. तेच 100 पक्षी छत्तिसाव्या दिवशी मेले, तर प्रत्येकाच्या पोटात पावणेतीन किलोच्या वर खाद्य गेलेले असते आणि विकायला काहीच उरत नाही. खर्च साडेनव्वद रुपयांवर जातो. मरतूक दोन्ही वेळा 7 टक्केच, पण नुकसान जवळजवळ तिप्पट.

यात एक गोम आहे. लवकरची मरतूक एफसीआरमध्ये दिसत नाही, तो 1.60 च राहतो. उशिराची मरतूक त्याला 1.63 वर नेते. म्हणून एफसीआर बिघडला की लगेच खाद्याला दोष देऊ नका. (खाद्य आम्हीच विकतो, तेव्हा हे आमच्या सोयीचे वाटेल, पण आकडेमोड तुम्हीच करून पाहा.) आधी मरतुकीच्या तारखा पाहा. पहिल्या आठवड्यात 1 टक्क्याच्या वर मर असेल तर पिल्लांची प्रत किंवा ब्रूडिंग तपासा. तिसऱ्या आठवड्यानंतर मर वाढली असेल तर गंबोरो, श्वसनाचा आजार किंवा उन्हाचा ताण हे संशयित. अशा वेळी मेलेला पक्षी पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या.

मरतूक मोजताना एक चूक नेहमी होते. पुष्कळ हॅचरी शंभरामागे 2 पिल्ले जादा देतात. बिल 5,000 चे, पण शेडमध्ये उतरली 5,100. मरतूक 5,100 वर धरा. नाहीतर 100 पिल्ले मेली तरी कागदावर मरतूक शून्य दिसते.

मरतूक कमी असूनही एफसीआर चढा असेल, तर आधी फीडरखालचे तूस हातात घेऊन पाहा. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी आणि खाद्य एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पक्षी वाढतात, फीडर मात्र पहिल्या पंधरवड्याच्याच उंचीला राहतात. मग पक्षी चोचीने खाद्य उडवतात. पक्ष्यामागे रोज 5 ग्रॅम सांडले तरी या शेडमध्ये तीन आठवड्यांत सुमारे 500 किलो, म्हणजे 20,000 रुपयांचे खाद्य तुसात जाते. एफसीआरमध्ये ते 0.05 ने दिसते. दुसरे कारण हिवाळ्यातल्या रात्री. पिल्ले एका कोपऱ्यात गोळा होत असतील, तर त्यांचे खाद्य वाढीऐवजी अंग गरम ठेवण्यात खर्च होते. पहाटे तीन-चारला शेडमध्ये एक फेरी मारली की हे दिसते, दुपारी नाही.

दोन बॅचचे एफसीआर तसेच्या तसे एकमेकांशी ताडू नका. पक्षी जड होत जातो तसा एफसीआर वाढतोच. शेजारचा 1.8 किलोला विकून 1.52 सांगत असेल आणि तुमचा 2.2 किलोला 1.60 असेल, तर तो पुढे आहे असे नाही. 2 किलो हा पाया धरून सुधारित एफसीआर काढायची रीत आहे: 2 मधून सरासरी वजन वजा करा, त्याला 0.25 ने गुणा आणि एफसीआरमध्ये मिळवा. त्याचा येतो 1.57, तुमचा 1.55.

आता सर्वात अवघड प्रश्न: भाव पडले असताना पक्षी थांबवावेत का? इथे 88.88 हा आकडा उपयोगाचा नाही, कारण तो खर्च होऊन गेला आहे. पुढचा एक दिवस पाहा. चाळिशीनंतर पक्षी रोज सुमारे 175 ग्रॅम खातो आणि 85 ग्रॅम वाढतो असे धरू. 4,750 पक्षी दिवसाला 831 किलो, म्हणजे 33,250 रुपयांचे खाद्य खातील आणि वजन 404 किलोने वाढेल. त्यात रोज सात पक्षी मेले तर 15 किलो वजा. म्हणजे वाढीव किलो साडेपंच्याऐंशी रुपयांना पडतो, वीज आणि मजुरी वेगळी.

बाजारभाव 80 असेल तर थांबलेल्या प्रत्येक दिवसाला तोटा वाढतो. खर्च 88.88 आणि भाव 87 असेल, तर विक्री तोट्याची दिसते, पण एखाद-दोन दिवस थांबल्याने तोटा थोडा कमी होऊ शकतो. भाव वाढेल याची खात्री असेल तर गणित बदलते, कारण किलोमागे वाढलेला एक रुपया सगळ्या 10,450 किलोंना मिळतो. मात्र एप्रिल-मे मधल्या उन्हाळ्यात हा जुगार खेळू नये: जड पक्षी उन्हाने आधी मरतो आणि खाणे कमी झाल्याने वाढही 85 ग्रॅम होत नाही.

या सगळ्यासाठी नोंदी थोड्याच लागतात. रोजची मरतूक तारखेसह. रोज रिकाम्या झालेल्या गोणी. आठवड्यातून एकदा शेडच्या चारी बाजूंनी पकडलेल्या 50 ते 100 पक्ष्यांचे वजन. आणि लिफ्टिंगची वजनपावती. बॅच संपल्यावर उरलेल्या गोणी मोजून वजा करायला विसरू नका. 5,000 पक्ष्यांच्या बॅचला 10 गोणी उरल्या आणि वजा केल्या नाहीत, तर 500 किलो खाद्य फुकट खर्चात धरले जाते आणि चांगली बॅच वाईट दिसते.

छापील बॅच कार्ड दुकानात मोफत मिळेल. भरलेले कार्ड आणि वजनपावती घेऊन आलात तर हिशेब तुमच्यासमोर करून देऊ. करार पद्धतीने पक्षी पाळत असाल तर खाद्य आणि पिल्लाचा भाव कंपनीच्या करारपत्रातला आणा, कारण तुमचा ग्रोइंग चार्ज त्या भावांवर बसतो, बाजारातल्या नाही.