कुपन, सॅम्पल आणि कॉम्बो: छपाईची ऑर्डर देण्यापूर्वी

दसरा-दिवाळी जवळ आली की नाशिक परिसरातील मसाले, पापड, चिवडा तयार करणारे आमचे ग्राहक कुपन छापून घेण्यासाठी सातपूरच्या आमच्या छपाईखान्यात येतात. कुपन जितकी अधिक छापली जातील तितका आमचा फायदा आहे, हे उघड आहे. तरीही ऑर्डर देण्याआधी पुढील हिशेब एकदा आपल्या आकड्यांनी करून पाहावा, अशी विनंती आहे.

समजा, आपल्या काळ्या मसाल्याच्या 200 ग्रॅमच्या पाऊचची छापील किंमत 120 रुपये आहे, एका पाऊचमागे आपल्याला 30 रुपये सुटतात आणि आठवड्याला 400 पाऊच खपतात. आपण पाऊचवरच 20 रुपये सवलतीचे कुपन चिकटवले आणि ते वटवून देण्याबद्दल दुकानदाराला कुपनमागे 2 रुपये दिले, तर हातात 8 रुपये उरतात. योजनेच्या चार आठवड्यांत खप 400 वरून 700 वर गेला, तर 2,800 पाऊचवर 22,400 रुपये मिळतात. योजना नसती तर 1,600 पाऊचवर 48,000 मिळाले असते. नुसती बरोबरी साधायलाही आठवड्याला 1,500 पाऊच खपावे लागले असते. कारण साधे आहे: जे गिऱ्हाईक पूर्ण किंमत देऊन मसाला नेणारच होते, त्यालाही आपण 20 रुपये परत दिले.

खरे चित्र योजना संपल्यावर दिसते. मसाला टिकणारा असल्यामुळे नेहमीच्या घरांनी दोन-दोन पाऊच भरून ठेवलेले असतात, म्हणून पुढचे काही आठवडे खप 400 च्या खाली जातो. या तुटीत 370 पाऊच गेले, तर 1,200 वाढीव पाऊचपैकी तेवढे आपण पुढच्या खपातूनच उसने घेतले होते असे समजावे. ही तूट कारखान्यातून निघालेल्या मालावरून कळत नाही, कारण दुकानदारही योजनेत माल भरून ठेवतो. ती पाहण्यासाठी चार-पाच ओळखीच्या दुकानांतील प्रत्यक्ष विक्री योजनेआधी, योजनेत आणि नंतर दर आठवड्याला लिहून ठेवावी लागते. उरलेले वाढीव पाऊच सगळे नव्या गिऱ्हाइकांनी नेले, असेही धरू नये. विपणन संशोधक अँड्र्यू एहरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सवलतीच्या काळात वाढलेले खरेदीदार जवळजवळ सगळे तो ब्रँड पूर्वी कधीतरी घेतलेलेच निघाले होते.

वर्षातून तीन-चारदा कुपन काढल्यास याहून मोठे नुकसान होते: गिऱ्हाइकाच्या मनात आपल्या मसाल्याची किंमत 100 रुपये ठरते आणि 120 महाग वाटू लागतात. दुकानदार ऑर्डर देण्याआधी “स्कीम कधी येणार?” असे विचारू लागला, की हे घडले आहे असे ओळखावे.

नवी घरे जोडायची असतील, तर सॅम्पलचा मार्ग आम्हाला अधिक योग्य वाटतो, कारण त्यात पाऊचच्या किमतीला हात लागत नाही. सॅशेत एका वेळच्या उसळीपुरता मसाला असावा; चिमूटभर मसाल्याने चव कळत नाही. किराणा दुकानात ठेवलेली सॅशे बहुधा आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांच्या पिशवीत पडतात. त्याऐवजी भाजीबाजारात मोड आलेली मटकी विकणाऱ्या मावशींकडे ती दिली, तर त्याच संध्याकाळी उसळ किंवा मिसळ करणाऱ्या घरात मसाला पोचतो. सॅशेसोबत पहिल्या पाऊचवर 20 रुपयांचे, तीन आठवड्यांच्या मुदतीचे आणि भागानुसार क्रमांक असलेले कुपन जोडावे, म्हणजे पंचवटीतून किती परत आली आणि सिडकोतून किती, हे मोजता येते.

सुरुवातीला 500 च सॅशे करावीत. वाटपासह प्रत्येकी 8 रुपये धरल्यास 4,000 रुपये होतात. 50 कुपन परत आली, तर दुकानदाराच्या 2 रुपयांसह त्यांचे 1,100 मिळून एका नव्या घरामागे 102 रुपये खर्च येतो, म्हणजे ते घर चौथा पाऊच नेईल तेव्हा तो भरून निघतो. पाऊच महिनाभर पुरत असेल, तर निकालासाठी चार महिने थांबावे लागेल. मोफत सॅम्पलमध्ये गेलेल्या मालावरील इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटीत मिळत नाही, हा खर्चही त्यात धरावा.

कॉम्बोमध्ये सुट्या वस्तूची किंमत झाकली जाते, म्हणून त्यातून दिलेली सूट कुपनाइतकी मनात ठसत नाही. मात्र “मोफत” असे छापलेली वस्तू पुढे कोणी विकत घेत नाही, आणि बांधणी सैल असेल तर दुकानदार कॉम्बो फोडून दोन्ही वस्तू वेगळ्या विकतो. त्यामुळे श्रिंक रॅपच करावे. सहसा एकत्र विकल्या न जाणाऱ्या, वेगवेगळ्या जीएसटी दरांच्या वस्तू एकाच किमतीत बांधल्यास संपूर्ण कॉम्बोवर त्यांतील सर्वांत जास्त दर लागतो, म्हणून कॉम्बोची छापील किंमत आपल्या कर सल्लागाराकडून तपासून मगच मजकूर आमच्याकडे पाठवावा. प्लेट झाल्यावर किंमत बदलायची, तर नव्या प्लेटचा खर्च येतो.