एकदाच शूट, दोन चौकटी: झाडीपट्टीच्या नाटकावरून

दिवाळी झाली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात आणि वडशापासून गावोगाव रात्रभराची नाटकं सुरू होतात. शूटिंगवाल्याकडे आता दोन मागण्या एकत्रच येतात. अख्खं नाटक आडवं हवं, टीव्हीवर बघता येईल असं. आणि त्यातल्याच गाण्यांचे, खटक्यांचे उभे तुकडे हवेत, दुसऱ्याच दिवशी फोनवर टाकायला. यावर ठरलेलं उत्तर असतं, "आडवंच घेऊन ठेव भाऊ, उभं मंग कापू." हे "मंग कापू" जुनंच आहे. पूर्वी ते सिनेमावाल्यांनी टीव्हीसाठी केलं, आता आडव्यातून उभं काढताना आपण करतो आहोत, आणि त्यातल्या चुकाही बऱ्याचशा त्याच आहेत.

मुळात सिनेमाची चौकट ४:३ च्या आसपासची. टीव्ही आला तोही त्याच आकारात, म्हणून प्रेक्षक घरून उठवायला सिनेमानं १९५३ पासून पडदा रुंद केला. सिनेमास्कोपमध्ये खास लेन्स चित्र आडव्या दिशेनं निम्मं दाबून फिल्मवर उतरवते आणि प्रोजेक्टरवरची तशीच लेन्स ते परत पसरवते. भारतात पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ साली आला. टुरिंग टॉकीजच्या तंबूत ही पसरवणारी लेन्स लावायची राहिली, तर पडद्यावरची माणसं बांबूसारखी उंच आणि बारीक दिसायची.

दुसरी पद्धत स्वस्त होती आणि आपल्या प्रश्नाशी तिचाच थेट संबंध आहे. फिल्मवर चित्र जवळपास ४:३ चंच घ्यायचं, पण कॅमेऱ्याच्या काचेवर रुंद चौकटीच्या रेषा आखून रचना त्या रेषांच्या आत करायची. थिएटरात प्रोजेक्टरमधली खाच असलेली पट्टी वरचा-खालचा भाग झाकायची, टीव्हीसाठी तोच भाग उघडायचा. अट एकच, की झाकल्या जाणाऱ्या भागातही काही चुकीचं दिसता कामा नये. जिथे ही अट पाळली गेली नाही तिथे टीव्हीवर नटाच्या डोक्यावर लोंबणारा माईक दिसला. थेट सिनेमास्कोपवर घेतलेल्या चित्रपटाला तर उघडायला वर-खाली काही शिल्लकच नसायचं. त्याच्या दोन्ही बाजू छाटाव्या लागत आणि उंचीच्या २.३५ पट रुंद असलेलं चित्र ४:३ मध्ये बसवताना शंभरातला ४३ टक्के भाग जाई. दोन पात्रं दोन टोकांना असली की मधली रिकामी भिंत दिसे, नाहीतर छाटणारा माणूस चौकट इकडून तिकडे सरकवत बसे.

१६:९ हा आकार ४:३ आणि २.३५ यांच्या मधला आहे. या दोघांचा गुणोत्तरी मध्य काढला तर १.७७ येतो, म्हणजे जवळपास १६:९ च. त्यामुळे दोन्हीकडची चित्रं त्यात फारसं न गमावता बसली आणि काही वर्षं वाटलं, की चौकटीचा वाद मिटला. मग फोन आला. जून २०२० च्या अखेरीस एका लोकप्रिय ॲपवर बंदी आली आणि सप्टेंबरपर्यंत दोन मोठ्या ॲपनी उभ्या छोट्या व्हिडिओचं दालन भारतात उघडलं. तेव्हापासून ९:१६ हा वेगळा प्रकार राहिला नाही, तो मागणीचा भाग झाला. आणि छाटणी जुन्या टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त झाली. १६:९ मधून पूर्ण उंचीचा ९:१६ तुकडा काढला तर शंभरातले जेमतेम ३२ टक्के उरतात. आधीच स्कोपच्या, म्हणजे सिनेमास्कोपच्या, आजच्या २.३९ आकाराला कापलेल्या चित्रातून काढला तर २४ टक्केही नाहीत.

आता प्रत्यक्ष रंगमंचावर येऊ. समजा रंगमंच ३० फूट रुंद आणि झालरीपर्यंत १४ फूट उंच आहे. हा आकार स्वतःच २.१४ चा, म्हणजे स्कोपच्या जवळचा. नाटक बसवताना त्या रुंदीचा पुरेपूर वापर होतो. खलनायक एका टोकाला, नायिका दुसऱ्या टोकाला, मधे खाट. फोन उभा धरून हा अख्खा रंगमंच घ्यायचा म्हटलं, तर नेहमीच्या मुख्य लेन्सवर सुमारे ३८ फूट मागे जावं लागतं आणि चौकटीत ५३ फुटांची उंची येते. त्यात रंगमंच पाव हिस्सा, बाकी वर काळोख आणि खाली प्रेक्षकांची डोकी. म्हणून मुख्य कॅमेरा आडवाच असावा, यात वाद नाही. वाद आहे तो त्यातून उभं काय निघेल यावर.

४के मध्ये आडवी रुंदी ३८४० पिक्सेल. ३० फूट त्यात बसवले की फुटाला १२८ पिक्सेल मिळतात. उभा तुकडा १२१५ बाय २१६० चा निघतो. ॲपला १०८० बाय १९२० पुरतं, त्यामुळे आकडे बघून सगळ्यांना वाटतं की झालं काम. पण १२१५ पिक्सेल म्हणजे रंगमंचावरचे साडेनऊ फूट. दोन पात्रांत त्याहून जास्त अंतर पडलं की एक जण बाहेर. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे आणि एडिटिंगच्या मोठ्या मॉनिटरवर ती लक्षातच येत नाही. पाऊण फुटाचा चेहरा इथे ९६ पिक्सेल उंच आहे. फोनचा १५ सेंटीमीटर उंच पडदा उभा धरला, तर तो चेहरा पाऊण सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. खटक्याच्या प्रसंगात माणूस काय म्हणतोय ते ऐकू येतं, पण त्याचे डोळे दिसत नाहीत. चेहरा मोठा करायला आणखी आत कापलं की ६०७ बाय १०८० पिक्सेल उरतात. ते पावणेदोन पटीहून जास्त ताणावे लागतात आणि स्टेजच्या दिव्यांत आधीच असलेली दाणेदार खळबळ चेहऱ्यावर पसरते. कॅमेऱ्यात नुसतं फुल एचडी घेतलं असेल, तर ही ताणाताण पहिल्याच कापणीत होते.

आमचं मत स्पष्ट आहे: ४के आडव्यातून कापलेलं उभं हे राखीव साधन म्हणून ठीक आहे, मुख्य साधन म्हणून नाही. गाणी आणि खटके उभे हवे असतील तर दुसरा कॅमेरा किंवा फोन उभाच लावावा. रंगमंचापासून २० फुटांवर, बाजूला, तिपाईवर. तीनपट झूमच्या लेन्सवर तिथून साधारण साडेनऊ फूट उंची आणि सव्वापाच फूट रुंदी मिळते. साडेपाच फुटांचा नट त्यात निम्म्याहून जास्त उंची भरतो. पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर ॲपचं नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी येते, उजव्या कडेला बटणं. म्हणून डोळे वरच्या तिसऱ्या रेषेवर ठेवा आणि पाय मजकुराखाली गेले तरी जाऊ द्या. नाचाच्या गाण्याला मात्र हे चालत नाही. तिथे पायच बघायचे असतात, म्हणून चार-पाच पावलं मागे सरकून घुंगरू खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर आणावे लागतात. दोन्ही कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवले की आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवरचे बल्ब लुकलुकत नाहीत आणि तुकडे एकमेकांना जुळतात. सुरू करण्याआधी फोन उभा धरून मगच रेकॉर्डचं बटण दाबायचं. रेकॉर्डिंग चालू असताना फोन फिरवला तर चित्राची दिशा बदलत नाही, पुढचं सगळं आडवं पडलेलं मिळतं.

दुसरा कॅमेरा नसेलच, तर दोन टोकांच्या संवादासाठी चौकट सरकवत बसू नये. संगणकात सरकवलेली चौकट लगेच ओळखू येते, कारण कॅमेरा फिरल्यावर पुढची खाट आणि मागचा पडदा जसे वेगवेगळ्या वेगानं हलतात तसं इथे काही होत नाही, सगळं चित्र एका कागदासारखं सरकतं. त्यापेक्षा १०८० बाय ९६० चे दोन तुकडे काढून एकावर एक ठेवावेत. हे तुकडे ४के मधून न ताणता निघतात. प्रत्येकात जवळपास साडेआठ फूट रुंदी आणि साडेसात फूट उंची येते, म्हणजे नट डोक्यापासून पायापर्यंत बसतो. डावीकडचं पात्र वर ठेवून तो क्रम शेवटपर्यंत बदलू नये, नाहीतर कोण कोणाकडे बघतोय ते कळत नाही.

रंगमंचाबाहेर हिशेब थोडा बदलतो. शंकरपटात बैलजोडी सेकंदाला १० मीटर धरली आणि २० मीटरवर बाजूला उभं राहिलो, तर आडव्या चौकटीतून ती पावणेतीन सेकंदांत जाते, उभीतून दीड सेकंदात. उभं घ्यायचं असेल तर पटाच्या टोकाकडून, कठड्याच्या बाहेर, तिरप्या कोनात उभं राहावं. जोडी मोठी होत समोर येते आणि चौकटीतून निसटत नाही.

राहिला "सिनेमॅटिक" हा शब्द. गावाकडच्या ट्रेलरमध्ये त्याचा अर्थ वर-खाली काळ्या पट्ट्या एवढाच उरला आहे. १६:९ च्या चित्रावर त्या पट्ट्या चित्रातच भाजून टाकल्या जातात. आजचे बरेच फोन आडवे धरल्यावर २०:९ चे, म्हणजे १६:९ पेक्षा रुंद असतात. त्यामुळे भाजलेल्या पट्ट्यांचं चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकून लहान दिसतं. स्कोप हवाच असेल तर फाइलच त्या आकाराची काढावी: फुल एचडीसाठी १९२० बाय ८०४, ४के साठी ३८४० बाय १६०८. उंची सम आकड्यातच घ्यावी लागते, विषम आकडा बरेच एन्कोडर नाकारतात. मग फोन लागतील तेवढ्याच पट्ट्या स्वतः दाखवतो आणि चित्राची रुंदी पूर्ण मिळते. थिएटरच्या डिजिटल प्रतीसाठी स्कोपचा ठरलेला आकार २०४८ बाय ८५८ आहे. लोक अजून सवयीनं "२.३५" म्हणतात, पण १९७० च्या सुमारास तो आकडा सरकून २.३९ झाला.

स्कोप आणि उभं, दोन्ही एकाच ४के १६:९ चित्रातून काढायचं ठरलं, तर दोघांना सामायिक असा मधला तुकडा १२१५ बाय १६०८ चा उरतो. हा आकार जवळपास ३:४, म्हणजे जुन्या टीव्हीची चौकट उभी केल्यासारखा. मॉनिटरवर चिकटपट्टीनं हा तुकडा आखून घेतला आणि प्रसंगातला महत्त्वाचा माणूस त्याच्या आत ठेवला, की दोन्ही कापण्या सुरक्षित. २०२५ च्या सुरुवातीला एका मोठ्या ॲपनं प्रोफाइलवरचे चौकोनी खणही ३:४ चे उभे केले, त्यामुळे मुखपृष्ठाचं चित्र याच तुकड्यातून थेट घेता येतं.