अंडमोचन आणि फलन: तक्त्यावर खूण एकाचीच का?

नौपाड्यात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या श्रावणीनं दहावीच्या प्रकल्पासाठी ऋतुचक्राचा तक्ता काढून आणला. गोखले रोडवरून घेतलेला मोठा आलेख कागद, आडव्या अक्षावर १ ते २८ दिवस, चार संप्रेरकांच्या चार रंगांतल्या रेषा आणि तळाशी गर्भाशयाच्या अंतःस्तराची जाडी लाल पेन्सिलीनं भरलेली. रेषा बऱ्याच मुलांपेक्षा नीट होत्या. फक्त चौदाव्या दिवसावर बाण काढून तिनं लिहिलं होतं, 'अंडमोचन व फलन'.

हा 'व' दरवर्षी माझ्यासमोर येतो. दोन्ही गोष्टी अंड्याच्याच, धड्यात पाठोपाठच्या ओळींत, आणि घडल्याच तर एका दिवसाच्या आत घडणाऱ्या. पण या तक्त्याच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या जातीच्या घटना आहेत.

आधी अंडमोचन. पाळीचा पहिला दिवस तो चक्राचा पहिला दिवस. या सुमारास एफएसएच हे संप्रेरक थोडं वाढतं आणि अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे अंडपेशी असलेल्या छोट्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एक पुढे जाते, बाकीच्या मागे पडून विरून जातात. ही पुढे गेलेली पुटिका इस्ट्रोजेन तयार करते. एरवी इस्ट्रोजेन मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला आवर घालत असतं. पण ते खूप वाढून साधारण दोन दिवस तसंच टिकलं की त्याचा परिणाम उलटा होतो आणि पीयूषिकेतून एलएच या संप्रेरकाचा लोंढा सुटतो. श्रावणीच्या तक्त्यावरचं उंच निळं टोक म्हणजे हा लोंढा. तो सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी पुटिका फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते. म्हणजे एलएचचं टोक आधी येतं आणि अंडमोचन त्याच्या जरा मागून. बाण नेमका टोकावर काढणं हीसुद्धा छोटीशी चूकच.

सोनोग्राफीच्या खोलीत 'अंडं फुटलं का?' असं सर्रास विचारतात. फुटते ती पुटिका. फुटण्याआधी ती दोन सेंटीमीटरच्या आसपास असते, सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. अंडपेशी मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, तिथे दिसतच नाही. रिकाम्या झालेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो. म्हणून अंडमोचनाच्या अलीकडे एलएचचं टोक आणि पलीकडे प्रोजेस्टेरॉनची चढण, अशी दुहेरी खूण तक्त्यावर मिळते.

आता फलन. ते अंडाशयात होत नाही, गर्भाशयातही नाही. अंडनलिकेचा अंडाशयाकडचा रुंद भाग असतो, तिथे होतं. अंडपेशी फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्रपेशी मात्र आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून त्या आधीपासूनच तिथे असू शकतात. आणखी एक गंमत म्हणजे अंडाशयातून सुटते ती अर्धसूत्री विभाजन अर्ध्यावर थांबलेली पेशी. शुक्रपेशी आत शिरली तरच ते विभाजन पुरं होतं. नाही शिरली तर अंडपेशी तशीच विरून जाते.

मी श्रावणीला विचारलं, "समज, या चक्रात फलन झालं. पंधराव्या दिवशी तुझी कुठली रेषा बदलेल?"

तिनं चारही रेषांवरून बोट फिरवलं. "प्रोजेस्टेरॉन?"

"ते तर फलन झालं नाही तरी वाढतंच."

जरा वेळानं ती म्हणाली, "मॅडम, मग कुठलीच नाही?"

अगदी बरोबर. फलन झालं हे पीतपिंडाला कळत नाही, पीयूषिकेलाही नाही. फलन झालेली पेशी म्हणजे युग्मनज; तो विभागत विभागत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात उतरतो आणि अंडमोचनानंतर सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास, कधी आणखी उशिरा, अंतःस्तरात रुजू लागतो. रुजल्यावरच त्याच्या बाहेरच्या पेशींचं एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात पोचतं. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात साधारण एकविसाव्या-बाविसाव्या दिवसापर्यंत फलन झालेल्या आणि न झालेल्या महिन्याच्या रेषा सारख्याच दिसतात. त्यानंतर फाटा फुटतो. एचसीजी मिळालं तर पीतपिंड टिकतो, प्रोजेस्टेरॉन वरच राहतं आणि पाळी येत नाही. नाही मिळालं तर सुमारे १४ दिवसांच्या आयुष्यानंतर पीतपिंड आक्रसून श्वेतपिंड होतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि अंतःस्तर सुटून वाहून जातो. घरी लघवीची गर्भचाचणी जे पकडते ते हे एचसीजी. फलनाच्या दुसऱ्या दिवशी केली तर ती काहीच दाखवणार नाही.

श्रावणीच्या बाणात दुसरी चूक होती ती 'चौदाव्या दिवसा'ची. पीतपिंडाचं आयुष्य बरंचसं ठरलेलं, एखाददोन दिवस इकडेतिकडे. पुटिका तयार व्हायला लागणारा वेळ मात्र बाईगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. म्हणून १४ दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानी डॉक्टर क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ साली हेच मांडलं: अंडमोचन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होतं. मी तिला खाली ३५ दिवसांची दुसरी पट्टी आखायला लावली. ३५ मधून १४ गेले, राहिले २१. इस्ट्रोजेनची चढण लांबली, एलएचचं टोक विसाव्या दिवसाकडे सरकलं, अंडमोचन एकविसाव्या दिवशी आलं; प्रोजेस्टेरॉनचा डोंगर मात्र वरच्या पट्टीतल्याइतकाच रुंद राहिला.

अर्थात हे मागे मोजणं पाळी येऊन गेल्यावरच जमतं. पुढची पाळी कधी येईल हे आधी पक्कं माहीत नसतं, म्हणून कॅलेंडरवर विसंबून गर्भधारणा टाळायला जाणारे फसतात. आणि पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत कित्येक चक्रांत अंडमोचन होतच नाही. इस्ट्रोजेननं वाढलेला अंतःस्तर नुसताच गळून जातो. रक्तस्राव झाला म्हणजे त्याआधी अंडमोचन झालंच असेल, असं नाही.

शेवटी तिनं 'व' खोडला. वरच्या पट्टीत १४ वर 'अंडमोचन' ठेवलं, फलनासाठी अंडनलिकेचं चित्र बाजूला काढलं आणि २२ पासून प्रोजेस्टेरॉनची दुसरी, तुटक रेषा वर नेली. पेन्सिल खाली ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्या वहिनीला डॉक्टरांनी काल सहा आठवडे झाले म्हणून सांगितलं."

"शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात ते. कारण तो दिवस बाईला सांगता येतो, फलनाचा येत नाही."

तिनं वरच्या पट्टीवर बोटानं मोजलं. "म्हणजे बाळ चारच आठवड्यांचं आहे." मग बोट खालच्या पट्टीवर गेलं. "आणि वहिनीची पाळी पस्तीस दिवसांची असेल तर तीनच!"