घरून काम करण्याची मुभा आणि दुखण्याचा टक्का

अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा अकाउंट्स विभाग डोळ्यांसमोर आणा. तिथे काम करणारा पस्तिशीतला माणूस राहतो नाशिकरोडला. त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन पाठ आखडत जाण्याचा आजार. सकाळी उठल्यावर तास-दीड तास त्याला धड वाकताही येत नाही. त्यानंतर स्कूटरवरून द्वारका चौकातली गर्दी आणि पुढचे खड्डे. ऑफिसात पोहोचतो तेव्हाच त्याची अर्धी ताकद संपलेली असते. त्याचं काम मात्र बहुतेक टॅलीत आणि जीएसटीच्या पोर्टलवर चालतं. हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याची अडचण खरी आहे. ‘मला आठवड्यातून तीन दिवस घरून काम करू द्या’ असं तो मागतो, तेव्हा ते मागणं कुठल्या आधारावर उभं राहतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे सुरुवात झाली ती १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यापासून. त्याच्या कलम ४७ चा नोकरदारांना मोठा आधार होता: सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर कामावरून काढायचं नाही आणि पदही खाली आणायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. पण काम तेच ठेवून ते करण्याची जागा, वेळ किंवा पद्धत बदलायची, हा विचार त्या कायद्यात नव्हता.

त्याच वर्षी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला. विस्कॉन्सिन राज्य सरकारच्या एका कर्मचारी बाईंना कमरेखाली लकवा होता. बसून बसून त्यांना शय्याव्रण होत. अशाच एका खेपेला आठ आठवडे घरी राहावं लागणार होतं, म्हणून त्यांनी घरून पूर्ण वेळ काम मागितलं. वरिष्ठांनी सांगितलं, घरी बहुधा आठवड्याला पंधरा-वीस तासांचंच काम देता येईल. प्रत्यक्षात त्या आठ आठवड्यांत बाईंचे फक्त साडेसोळा तास बुडाले आणि तेवढीच आजारपणाची रजा खर्ची पडली. तरीही न्यायालयाने मालकाची बाजू घेतली. कारण दिलं की बहुतेक नोकऱ्यांत काम मिळून आणि देखरेखीखाली होतं, घरी त्याचा दर्जा टिकणार नाही. पुढे हेही म्हटलं, की दळणवळणाचं तंत्र सुधारेल तसं हे बदलेल. मला त्या निकालातला साडेसोळा तासांचा तपशील महत्त्वाचा वाटतो. काम होत होतं, हे कागदावर दिसत होतं, आणि तरीही नकार टिकला.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. त्यातूनच २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. ‘रीझनेबल अकोमोडेशन’ ही कल्पना या कायद्याने व्याख्येसकट आणली. मराठीत तिला मी वाजवी तजवीज म्हणेन: त्या माणसासाठी गरजेचे ते बदल करायचे, मात्र मालकावर अवाजवी बोजा पडता कामा नये. अशी तजवीज नाकारणं हाही भेदभावच, असं कायद्याच्या व्याख्येत आहे.

इथेच खरी मेख आहे. नोकरीत ही तजवीज करण्याचं कलम २० मधलं बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीला कलम २१ नुसार समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधांबरोबर संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक वगैरे तपशीलही द्यावे लागतात. म्हणून आपल्या अंबडच्या माणसाने पहिल्यांदा मागायला हवं ते कंपनीचं धोरण. अनेकदा ते तयारच केलेलं नसतं, आणि मग त्याच्या हाती धरायला काहीच राहत नाही. तक्रार करायची तर ती पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे.

दुसरी अडचण टक्क्याची. अपंगत्वाचं प्रमाणपत्र म्हटलं की ४० टक्के, हे आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलं आहे. पण दुखणं मोजणार कसं? मणक्याच्या दुखण्यासाठी २००१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये एक कोष्टक होतं. नुसती दुखण्याची तक्रार असेल, स्नायू आखडलेले नसतील आणि हाडांत दोष दिसत नसेल, तर शून्य टक्के. स्नायू आखडलेले, पाठ ताठलेली आणि एक्स-रेत सौम्य बदल असतील तर २०. बदल मध्यम असतील तर २५, मणक्याच्या एका भागात तीव्र असतील तर ३०. ४० टक्के मिळत ते संपूर्ण मणका सापडला तरच. म्हणजे रोज सकाळी दीड तास अडकून पडणारा माणूस या मोजपट्टीवर सहज विसावर थांबू शकतो.

हा अडसर सैल केला तो सर्वोच्च न्यायालयाने. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात प्रश्न होता परीक्षेत लेखनिक मिळण्याचा. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा, रायटर्स क्रॅम्पचा त्रास होता आणि त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, ४० टक्के ही अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी तजवीज त्या रेषेखालच्या दिव्यांग व्यक्तीलाही मिळायला हवी. जुनाट दुखणं घेऊन नोकरी करणाऱ्यासाठी या निकालाइतका उपयोगी दुसरा आधार मला माहीत नाही.

दरम्यान टाळेबंदी आली. त्याआधी कॉल सेंटरच्या एजंटला घरी बसवायचं तर दूरसंचार खात्याच्या अटी आणि अनामत आड येत. मार्च २०२० मध्ये त्या शिथिल झाल्या, आणि नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी घरचं टेबल हे कॉल सेंटरचंच वाढीव टेबल मानलं. ३ जानेवारी २०२२ च्या आदेशाने केंद्र सरकारने दिव्यांग आणि गरोदर कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यातून सूट दिली आणि घरून काम करायला सांगितलं. ७ फेब्रुवारीपासून सगळ्यांची पूर्ण हजेरी पुन्हा सुरू झाली, सूट कुणालाच नाही. ती मुभा साथीसाठी होती. दुखण्यासाठी ती कुणी दिलीच नव्हती, म्हणून साथ ओसरल्यावर तीही गेली.

आपल्या माणसाचा अर्ज त्यामुळे ‘कोविडमध्ये जमलं होतं’ एवढ्यावर टिकत नाही. त्याला कामाचा हिशेब मांडावा लागतो. नोंदी, बँक जुळवणी, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं जीएसटीआर-३बी ही कामं कंपनीच्या सर्व्हरला सुरक्षित जोडणी मिळाली तर घरून होतात. मूळ बिलं तपासणं, चेकवर सह्या घेणं, गोदामातली मोजणी यांना जावंच लागतं. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार ऑफिस, बाकी तीन दिवस घर. ऑफिसच्या दिवशी सकाळी अकराला हजेरी, कारण तोवर पाठ सैल होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं आजाराचं नाव नको. सलग किती मिनिटं बसता येतं, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, दुचाकीच्या धक्क्यांनी काय होतं, हे त्यात हवं. या आजारात पडून राहिलं की पाठ जास्त आखडते आणि हालचालीने सुटते. घरी अंथरुणात लॅपटॉप घेऊन बसलं तर दुखणं वाढेल, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याची वेळही अर्जातच लिहिलेली बरी. तीन महिन्यांनी दोघांनी बसून कुठलं काम अडलं ते पाहायचं, हीसुद्धा एक ओळ त्यात असू द्यावी.