"किती तास लागतील?" हा प्रश्न आला कुठून? अवरली, उक्तं आणि कोटेशनची पार्श्वभूमी

फ्रीलान्स काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. कोटेशन पाठवलं की दुसऱ्या दिवशी क्लायंटचा मेसेज, "आकडा जरा जास्त वाटतोय, याला नक्की किती तास लागणार?" आणि आपण उगाच कॅल्क्युलेटर काढून बसतो. खरं तर आपण प्रोजेक्टचा रेट दिलेला असतो, तासांचा विषयच नसतो, तरी गाडी तिथेच येते. ती तिथे का येते ते समजलं तर उत्तर देणं जरा सोपं जातं, म्हणून थोडा मागचा इतिहास.

या भांडणाची सगळ्यात गाजलेली नोंद कोर्टातली आहे. १८७७ मध्ये जॉन रस्किन या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या टीकाकाराने जेम्स व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्रावर झोड उठवली. चित्राची किंमत २०० गिनी लावलेली आणि रस्किनचं म्हणणं साधारण असं की रंगाचं भांडं लोकांच्या तोंडावर फेकायचे एवढे पैसे मागतो म्हणजे काय. व्हिसलरने बदनामीचा खटला लावला. १८७८ च्या सुनावणीत रस्किनच्या वकिलाने नेमका आपल्या क्लायंटवाला प्रश्न टाकला, चित्राला वेळ किती लागला? व्हिसलर म्हणाला, दोन दिवस. मग दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता का? त्यावर तो म्हणाला, नाही, आयुष्यभर काम करून जे ज्ञान मिळवलं त्याचे मागतो.

हे उत्तर आजही फ्रीलान्सर लोक एकमेकांना ऐकवतात, पण पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. व्हिसलर खटला जिंकला आणि नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, वर स्वतःच्या बाजूचा खर्च अंगावर पडला आणि १८७९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. माझं मत विचाराल तर उत्तर झकास होतं पण कोटेशन समजावण्याच्या दृष्टीने कच्चं होतं, कारण समोरच्याला आपल्या आयुष्यभराच्या ज्ञानाशी देणंघेणं नसतं, त्याला हातात काय पडणार ते कळायला हवं असतं.

बरं, तेव्हा तासावर बिल लावायची पद्धत बुद्धीच्या कामात फारशी नव्हतीच. रोजंदारी होती ती हातमजुरीला, बाकी कारागीर उक्तं घ्यायचे, म्हणजे एवढं काम, एवढे पैसे, दिवस किती लागले ते त्याचं तो बघेल. वकिलांचंही तसंच, काम झालं की एका ओळीचं बिल. अमेरिकेत तर वकिलांच्या संघटना कोणत्या कामाला कमीत कमी किती फी घ्यायची याचे तक्तेच काढायच्या.

तास आला तो हिशेबाच्या वहीतून. रेजिनाल्ड हेबर स्मिथ नावाचे एक वकील बॉस्टनमध्ये गरिबांना कायदेशीर मदत देणारी संस्था चालवायचे, तिथे पैसा कायम तोकडा, म्हणून एका केसला खर्च किती येतो हे त्यांनी मोजायला सुरुवात केली. १९१९ मध्ये ते एका बड्या लॉ फर्मचा कारभार बघायला लागले आणि ही सवय तिथे नेली, प्रत्येकाने टाइमशीट भरायची. पण गंमत अशी की ती क्लायंटला दाखवायला नव्हती. कुठलं काम परवडतं, कुठलं नाही, हे फर्मला स्वतःला कळावं एवढाच उद्देश. म्हणजे तास हा मुळात आतल्या खर्चाचा आकडा, किंमत नव्हेच.

मग १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने एक पत्रक काढलं. वकिलांची कमाई डॉक्टर आणि डेंटिस्टांच्या मानाने मागे पडली आहे आणि त्याचं एक कारण म्हणजे ते वेळेची नोंद ठेवत नाहीत, असा त्यातला सूर. त्यात एक आकडा होता जो मला फार आवडतो, कारण तो आजही कामाला येतो: वकिलाला वर्षाला साधारण १३०० तासच असे मिळतात ज्यांचे पैसे लावता येतात. आता आठवड्याला ४० तास धरून वर्षाचे होतात २०८०. मग उरलेले ७८० तास कुठे गेले? फोन, पत्रव्यवहार, हिशेब, नवीन काम मिळवणं, वाचन, सुट्ट्या. जो माणूस पगाराला २०८० ने भागून आपला अवरली रेट काढतो तो हे तास फुकटात देतो. त्याला रेट निदान १.६ पट लावावा लागेल, तेव्हा कुठे तो पगाराएवढं कमावेल, आणि त्यात अजून लॅपटॉप, सॉफ्टवेअर धरलेलं नाही.

शेवटचा धक्का १९७५ चा. व्हर्जिनियातल्या एका जोडप्याला घर घेताना मालकी हक्क तपासून हवा होता आणि त्यांनी विचारलेला एकही वकील तक्त्यातल्या किमान फीच्या खाली यायला तयार नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं (गोल्डफार्ब खटला), कोर्टाने म्हटलं की हे संगनमताने भाव बांधणं आहे, आणि तक्ते गेले. टाइमशीट तोवर रुळलेलीच होती, त्यामुळे बिल तासावर लावणं आणखी पक्कं झालं. एका तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा तुकडे करून बिल लावायची वकिलांची पद्धत याच घरातली. कन्सल्टंट, सॉफ्टवेअरवाले, डिझायनर सगळीकडे हीच भाषा आली आणि क्लायंटच्याही तोंडी बसली.

पुढे इंटरनेटवरून काम देणारे प्लॅटफॉर्म आले तेव्हा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. इलान्सवर जोर प्रोजेक्टवर, ओडेस्कवर तासावर. ओडेस्कने टाइमर दिला जो चालू असताना दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट घ्यायचा, म्हणजे क्लायंटला बघता यावं की माणूस खरंच कामाला बसलाय. दोन्ही कंपन्या नंतर एक झाल्या आणि २०१५ पासून नाव अपवर्क. तो स्क्रीनशॉट मला सगळ्यात बोलका वाटतो. अवरलीमध्ये क्लायंटचा संशय असतो की हे तास खरे का, म्हणून पुरावा. उक्त्यामध्ये संशय वेगळा, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे का. संशय जात नाही, नुसती जागा बदलतो. आणि धोकाही तसाच जागा बदलतो, अवरलीत अंदाज चुकला तर क्लायंट भरतो, उक्त्यात चुकला तर आपण.

(खर्च अधिक टक्केवारी ही तिसरी पद्धतही होऊन गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने तसे कॉन्ट्रॅक्ट दिले, म्हणजे जेवढा खर्च जास्त तेवढा ठेकेदाराचा नफा जास्त, मग काय व्हायचं ते झालं. १९४१ मध्ये युद्धासाठी खास अधिकार देणारा कायदा केला तेव्हा त्यात ही पद्धत चालणार नाही असं लिहूनच टाकलं. नुसत्या अवरलीला वरची मर्यादा नसेल तर क्लायंटला जी भीती वाटते ती अगदीच हवेतली नाही.)

आता माझं एक काम सांगते. एका क्लासची जुनी वेबसाइट नवीन करायची होती, १२ पानं आणि एक अ‍ॅडमिशनचा फॉर्म. मी कोटेशन उक्तं दिलं, पण माझ्या वहीत तास होतेच, स्मिथसाहेबांसारखे, फक्त माझ्यासाठी. प्रत्येक भागाला तीन अंदाज: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि वाट लागली तर. ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून १९५८ च्या सुमारास आली, मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. मजकूर लिहिणं ६, १०, २६ म्हणजे १२ तास. डिझाइन १२, १६, ३२ म्हणजे १८. साइट बांधणं १५, २०, ४३ म्हणजे २३. आणि क्लायंटच्या दुरुस्त्या ४, ८, २४ म्हणजे १०. बेरीज ६३. नुसते मधले आकडे मिळवले असते तर ५४ आले असते, आणि ते नऊ तास माझ्या खिशातून गेले असते, कारण काम लवकर संपायला मर्यादा असते, लांबायला नसते.

क्लायंटचा फोन आला. "मॅडम, ओळखीतला एक जण दोन दिवसांत करून देतो म्हणतोय, तुम्ही किती तास धरलेत?"

पूर्वी मी इथेच फसायचे. तास सांगितले की पुढची पंधरा मिनिटं "डिझाइनला १८ कशाला, १० करा" यात जायची आणि मी आठ तास सोडून द्यायचे, जे नंतर करावे लागायचेच. या वेळी विचारलं, "तो दोन दिवसांत काय काय देणार आहे?" तर त्यांना नीट माहीत नव्हतं. मग मी म्हटलं, "त्यात १२ पानांचा मजकूर कोण लिहिणार आहे, फॉर्म भरल्यावर माहिती कुठे जाणार, आणि तुम्ही बदल सांगितलात तर किती वेळा करून मिळणार, एवढं त्याला विचारा. उत्तरं आली की दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून बघू."

तीन दिवसांनी कळलं की त्या दोन दिवसांत मजकूर नव्हता, फॉर्म नव्हता आणि तयार टेम्प्लेट होतं. आता खरं सांगायचं तर तेवढंच हवं असेल तर दोन दिवस बरोबरच आहेत, तो माणूस काही खोटं बोलत नव्हता. पण यांना फॉर्म हवा होता. बजेट मात्र माझ्या आकड्यापर्यंत जात नव्हतं. मी रेटला हात लावला नाही, काम कमी केलं: मजकूर ते स्वतः लिहून एका फाइलमध्ये, ठरलेल्या तारखेला देणार, म्हणजे माझे १२ तास गेले आणि किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरली. नुसती सूट दिली असती तर त्यांना वाटलं असतं की आधीचा आकडा फुगवलेला होता.

दुरुस्त्यांचं मात्र वेगळं ठेवलं. दोन फेऱ्या किमतीत, तिसरीपासून अवरली, तो रेट आधीच लिहून दिलेला आणि सुरुवात करायच्या आधी मेसेजवर होकार. कारण साइट बांधायला किती वेळ लागेल ते मला बऱ्यापैकी सांगता येतं, पण समोर बसलेल्या चार भागीदारांचं एकमत व्हायला किती लागेल ते मला काय माहीत. जे माझ्या हातात आहे ते उक्तं, जे त्यांच्या हातात आहे ते तासावर.

त्यांनी होकार दिला. मजकुराची फाइल ठरल्या तारखेनंतर ११ दिवसांनी आली, बारापैकी नऊ पानांची. उरलेली तीन पानं मी अवरली लिहून दिली आणि त्या बिलावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.