ताठरतेच्या गोळ्या

शिश्नाला संबंधापुरता ताठरपणा येत नाही किंवा आलेला टिकत नाही, अशा पुरुषांना डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात त्या. भारतात मुख्यतः सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही दोन औषधे चालतात आणि दोन्ही चिठ्ठीवरच द्यायची असतात. सिल्डेनाफिलच्या चाचण्या मुळात हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी सुरू झाल्या होत्या. तिथे ते फारसे उपयोगी ठरले नाही, पण त्याचा हा दुसरा गुण लक्षात आला आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला ताठरतेच्या तक्रारीसाठी मान्यता मिळाली.

मन आणि शरीर उत्तेजित झाले की शिश्नातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यामुळे सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो, रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात, आत रक्त भरते, आणि त्या फुगवट्याने बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते रक्त आतच राहते. पीडीई-५ हे विकर सीजीएमपी मोडत असते. गोळी त्या विकराला अडवते, एवढेच तिचे काम. म्हणजे नळ उघडायचा तो उत्तेजनेनेच. गोळी फक्त मोरीला बूच लावते. गोळी घेऊन टीव्हीसमोर वाट पाहत बसणाऱ्याला काहीच होत नाही, आणि त्यात गोळीचा दोष नसतो.

‘गोळी लागू पडली नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा वेळ आणि जेवण असते. समजा, नागपुरातल्या चोपन्न वर्षांच्या, दहा-बारा वर्षे मधुमेह असलेल्या गृहस्थांना डॉक्टरांनी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम दिली. शनिवारी रात्री साडेदहाला सावजी मटण, तर्रीवाला रस्सा आणि दोन पेग झाले. अकराला गोळी घेतली, साडेअकराला काहीच नाही, म्हणून नाराज होऊन झोपले. तेलकट जेवणावर सिल्डेनाफिल रक्तात पोचायला सुमारे तासभर उशीर होतो आणि तिची कमाल पातळीही खाली राहते. त्यात दारूने ताठरता आणखी मंदावते. याच गृहस्थांनी आठला हलके जेवून दहाला गोळी घेतली आणि अकराच्या सुमारास घाई न करता सुरुवात केली, तर तीच ५० मिलिग्रॅम बरीच वेगळी वागू शकते. असर साधारण चार तास राहतो. दिवसातून एकदाच घ्यायची. ‘नाही झालं तर अजून एक’ हा हिशेब चुकीचा. निरनिराळ्या दिवशी सहा-आठ वेळा नीट घेऊनही जमले नाही, तर डॉक्टर मात्रा १०० पर्यंत नेतात किंवा औषध बदलतात.

टाडालाफिलला जेवणाचे वावडे नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. शनिवारी संध्याकाळी घेतलेली गोळी रविवारीही कामाची असते. घड्याळाकडे पाहत संबंध ठेवणे ज्यांना जड जाते, त्यांना ही सोयीची; काहींना तिचीच ५ मिलिग्रॅमची रोजची मात्रा देतात. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे त्रास दोन्हींत होतात. टाडालाफिलने काहींची पाठ दुखते, तर सिल्डेनाफिलच्या मोठ्या मात्रेने काहींना थोडा वेळ निळसर दिसते.

अपेक्षा कितपत ठेवावी? नीट घेतली तर दहापैकी सात-आठ जणांना फरक पडतो. मधुमेहात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही झिजलेल्या असतात, त्यामुळे तिथे हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर येते. प्रोस्टेट काढलेल्यांत ते बहुधा त्याहूनही कमी. गोळीने आकार वाढत नाही, इच्छा वाढत नाही आणि मूळ आजार बरा होत नाही. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासणारा डॉक्टर वेळकाढूपणा करत नसतो. ताठरपणा चार तासांनंतरही उतरला नाही, तर तडक इस्पितळ गाठावे.

खरा धोका नायट्रेट गटातल्या हृदयाच्या औषधांचा. त्यातलीच, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट आणि या गोळ्या एकत्र आल्या, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून नायट्रेट चालू असणाऱ्याला या गोळ्या देतच नाहीत. गोळी घेतलेल्याला छातीत कळ आली, तर सॉर्बिट्रेट स्वतःहून न घेता कॅज्युअल्टीत पहिल्यांदा ‘काल रात्री ही गोळी घेतली आहे’ हे सांगायचे, सोबत मुलगा उभा असला तरी. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे तपासण्यांत वेळोवेळी आढळले आहे. ती खाणाऱ्याला आपण काय घेतले हेच ठाऊक नसते, आणि मग डॉक्टरने विचारले तरी तो ‘काही नाही’ असेच सांगतो.